नवतप्यात उघडलेला लॅपटॉप: आत काय असतं आणि कोण काय करतं

लॅपटॉपबद्दल नागपुरात मे महिन्यात तीनच तक्रारी ऐकू येतात. हळू चालतो, चटका बसेल इतका तापतो, आणि चार्जर काढला की तासाभरात मान टाकतो. या तिन्हींमागे वेगवेगळे भाग असतात. ते भाग नुसते पाठ करण्यापेक्षा एक तक्रारीचा लॅपटॉप समोर घेऊन तपासत गेलं की कोणाचं काम काय ते लवकर कळतं. इथे तसंच करू.

लॅपटॉप माझ्या भाचीचा आहे. २०१८ साली घेतलेला, १५ इंची, इंटेलचा आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा प्रश्न रास्त होता: "मामा, दुकानदार तर म्हणते प्रोसेसर चांगला आहे. मग काऊन रखडते हा?"

स्क्रू काढण्याआधी स्क्रीनवर पाहा

पेचकस हातात घेण्याची घाई करू नका. लॅपटॉप सुरू करा, नेहमीची कामं चालू करा, म्हणजे ब्राउझरच्या सात-आठ टॅब आणि एखादी वर्डची फाइल. मग Ctrl + Shift + Esc दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात Performance या भागात जा. डावीकडे CPU, Memory, Disk अशा ओळी दिसतील.

भाचीच्या लॅपटॉपवर CPU २० टक्क्यांच्या आसपास होता, Memory जवळजवळ पूर्ण भरलेली आणि Disk सतत १०० टक्के. Disk १०० टक्के असूनही तिचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत होता. लॅपटॉप हळू असला की लोक प्रोसेसरला नावं ठेवतात, पण अशा जुन्या यंत्रांत दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो.

त्याच खिडकीत Memory वर क्लिक केल्यावर Slots used: 1 of 2 असं दिसलं. रॅमचा एक खाचा मोकळा आहे, हे झाकण न उघडताच कळलं. ही ओळ लिहून ठेवा, पुढे लागेल.

उघडताना

आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेर कुठेतरी उतरवून घ्या. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसती स्क्रीन मिटवली तर तो झोपलेला असतो, बंद नसतो. चार्जर काढा. लाकडी किंवा काचेच्या टेबलावर काम करा. पलंगावरची सिंथेटिक चादर नको, कारण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगात स्थिर वीज चटकन साठते आणि तिचा आपल्याला न जाणवणारा झटकासुद्धा चिपला पुरेसा असतो. हात घालण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला किंवा धातूच्या नळाला एकदा स्पर्श करा.

खालचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. एका कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरचा कीबोर्डचा भाग फुगतो किंवा तडकतो. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असू शकतात, म्हणून झाकण अडलं तर जोर लावण्याआधी ते शोधा. कडेची प्लास्टिकची कुलपं जुन्या एटीएम कार्डाने सोडवता येतात.

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीची वायर मदरबोर्डवरून सोडवायची. काही जोड आडवे सरकतात, काही वर उचलावे लागतात. नीट पाहून करा आणि वायर धरून ओढू नका. नंतर पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिथेच थांबा. त्याबद्दल खाली सांगतो.

प्रोसेसर, आणि त्याला थंड ठेवणारी तांब्याची नळी

भाचीने आत पाहिलं आणि पहिलाच प्रश्न, "प्रोसेसर कुठाय?" तो दिसत नाही. तांब्याची एक चपटी नळी बोर्डाच्या मधून निघून कडेच्या पंख्यापर्यंत गेलेली दिसेल. त्या नळीच्या एका टोकाला जी धातूची पट्टी आहे, तिच्याखाली प्रोसेसर आहे. लॅपटॉपमध्ये तो बोर्डाला डाख लावून पक्का बसवलेला असतो. डेस्कटॉपसारखा काढून नवा घालता येत नाही. म्हणून लॅपटॉप घेताना हा एक भाग विचार करूनच घ्यावा लागतो.

त्याचं काम म्हणजे सूचना पाळणं: बेरीज कर, दोन संख्यांची तुलना कर, ही माहिती तिथे ठेव. गाणं असो की एक्सेल, शेवटी सगळं अशा बारीक सूचनांतच मोडलेलं असतं. भाचीच्या प्रोसेसरमध्ये असं काम स्वतंत्रपणे करणारे चार कोर आहेत. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, आणि गरज पडली तर थोड्या वेळासाठी ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ३.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३४० कोटी ठोके. स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा ग्राफिक्सचा भागही याच चिपमध्ये आहे. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये त्यासाठी दुसरी मोठी चिप आणि बहुधा दुसरा पंखाही दिसतो.

हा प्रोसेसर सतत चालताना साधारण १५ वॅट वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. नखाएवढ्या जागेतून १५ वॅट काढून नेणं हे त्या तांब्याच्या नळीचं काम. ती भरीव नसते. आत हवा काढून घेतलेली असते आणि अगदी थोडं पाणी असतं. प्रोसेसरच्या टोकाला त्या पाण्याची वाफ होते, वाफ पंख्याकडच्या टोकाला जाऊन थंड होते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि आतल्या बारीक जाळीतून परत येतं. आपल्या खसच्या कूलरमध्ये पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, तेच तत्त्व. फक्त इथे पाणी बंद नळीतच फिरत राहतं, वरून टाकावं लागत नाही.

आता नागपूरचा मुद्दा. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे चिप त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ती नेहमी तिच्यापेक्षा काही अंश वरच राहते. समजा एखाद्या कामात पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना प्रोसेसर खोलीपेक्षा ५५ अंशांनी जास्त तापतो. एसीच्या २७ अंशांत तो ८२ वर राहील. बाहेर पारा ४५ च्या वर आणि बिनाकूलरच्या खोलीत ४२ असेल, तर तेच काम करताना तो ९७ वर जाईल. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही ताप आवरला नाही तर लॅपटॉप स्वतःहून बंद पडतो. त्यामुळे "सकाळी बरा चालतो, दुपारी रखडतो" ही तक्रार नवतप्यात अगदी खरी असते.

ओळखायचं कसं? Performance मध्ये CPU खाली Speed लिहिलेला असतो. जड काम चालू आहे, वापर ९०-१०० टक्के आहे, आणि तरी Speed मूळ १.६० च्याही खाली घसरत चाललाय, तर उष्णतेवर संशय घ्या. मात्र एक अपवाद ध्यानात ठेवा. काही लॅपटॉप अनोळखी चार्जर लावला तरी असाच वेग पाडतात, म्हणून आधी मूळ चार्जर लावून पाहा.

भाचीच्या लॅपटॉपमध्ये पंखा वरून स्वच्छ दिसत होता. खरा कचरा पंखा आणि बारीक पात्यांची जाळी यांच्या मधे असतो, आणि पंखा उचलल्याशिवाय तो दिसत नाही. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून, वायर सोडवून पंखा उचलला तर जाळीच्या तोंडावर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा घट्ट थर निघाला. तो चिमट्याने आणि मऊ ब्रशने काढायचा. बाहेरून नुसता ब्लोअर मारला तर हा थर पुन्हा पंख्यात ढकलला जातो. ब्लोअर वापरलाच तर पंखा बोटाने धरून ठेवा, कारण वाऱ्याने भन्नाट फिरणारा पंखा उलट वीज तयार करतो आणि त्याचे बेअरिंगही खराब होतात.

प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये राखाडी पेस्ट असते. दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म फटी भरून उष्णता पुढे पोचवणं एवढंच तिचं काम. काही वर्षांत ती कोरडी पडते. ती बदलायला पट्टीचे स्क्रू त्यांच्या शेजारी छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने फिरवावे लागतात. एकाच बाजूने आवळलं तर चिपचा कोपरा तुटू शकतो. पहिल्यांदाच उघडत असाल तर पेस्टच्या वाटेला जाऊ नका असं माझं मत आहे. धूळ काढूनच बराच फरक पडतो. तरी वेग घसरत राहिला तर पेस्ट जाणत्याकडून बदलून घ्या.

रॅम आणि डिस्क: खरी अडचण इथे होती

प्रोसेसरला हव्या त्या क्षणी माहिती हाताशी लागते, आणि ती जागा म्हणजे रॅम. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम, उघडी असलेली प्रत्येक टॅब रॅममध्ये असते. वीज गेली की रॅम पूर्ण कोरी होते. जे कायम राहायला हवं, म्हणजे विंडोज, फोटो, प्रोजेक्टच्या फाइल्स, ते डिस्कवर असतं. लॅपटॉप सुरू होणं म्हणजे बऱ्याच अंशी विंडोजचे हजारो तुकडे डिस्कवरून वाचून रॅममध्ये आणणं.

आता हार्ड डिस्क काय करते ते पाहा. आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे फिरतात, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. टोक योग्य रांगेवर सरकवायला आणखी साधारण १२ मिलिसेकंद. एका तुकड्याला १७-१८ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला पन्नास-साठच तुकडे हाती येतात. विखुरलेले दहा हजार तुकडे वाचायचे असतील तर हिशेब तीन मिनिटांच्या आसपास जातो. मोठी सलग फाइल हीच डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचेल, पण सुरू होताना सलग असं काही नसतंच. Disk १०० टक्के आणि वेग एक-दोन एमबी, हे कोडं इथे सुटतं.

वर भर म्हणून ४ जीबी रॅम. रॅम भरली की विंडोज तिच्यातला सध्या न लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी ओझं. रॅम कमी आणि डिस्क फिरणारी, ही जोडी एकत्र आली की कितीही चांगला प्रोसेसर बसून राहतो.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, माहिती चिपमध्ये साठवलेली असते. त्यामुळे ती सेकंदाला हजारो विखुरलेले तुकडे सहज वाचते. तिचे दोन आकार भेटतील. एक जुन्या हार्ड डिस्कच्याच मापाचा अडीच इंची, जो तिच्याच जागी बसतो. दुसरा एम-डॉट-टू, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टी, जी बोर्डावरच्या खाच्यात बसते. इथे एक सापळा आहे. सारखाच दिसणारा एम-डॉट-टू खाचा काही लॅपटॉपमध्ये फक्त साटा प्रकारच्या एसएसडी ओळखतो, काहींत वेगवान एनव्हीएमई ओळखतो. चुकीची आणली तर ती खाच्यात बसूनही लॅपटॉपला दिसत नाही. म्हणून बर्डीवर दुकानात जाण्याआधी लॅपटॉपच्या खाली छापलेला पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर त्याची माहितीपुस्तिका पाहा. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबी, एनव्हीएमईचा त्याच्या कितीतरी पट. पण फिरणाऱ्या डिस्कवरून येणाऱ्याला दोन्ही झपाटलेल्याच वाटतील.

रॅमची पट्टी लावणं सोपं आहे. हा लॅपटॉप डीडीआर-फोरचा. त्या पट्टीला २६० पिना असतात आणि मधे एक कापलेली खाच असते, त्यामुळे डीडीआर-थ्री किंवा डीडीआर-फाइव्हची पट्टी तिथे बसतच नाही. पट्टी तिरपी, साधारण ३० ते ४५ अंशांत पूर्ण आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् असा आवाज करून बसल्या पाहिजेत. आम्ही मोकळ्या खाच्यात ८ जीबीची घातली, एकूण १२ झाली. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या असत्या तर प्रोसेसरला दोन्हींतून एकाच वेळी पूर्ण वेगाने वाचता आलं असतं, पण असलेली पट्टी फेकून देण्याइतका तो फरक नाही. नवी रॅम लावल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन थोडा वेळ काळीच राहू शकते, घाबरू नका. मिनिटभरानेही काही झालं नाही, किंवा बीप वाजत राहिले, तर पट्टी काढून पुन्हा बसवा.

अलीकडच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही बोर्डाला पक्की असते. तिथे नंतर काही वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच जास्त घ्या.

रॅमबरोबर एसएसडीही बसवली आणि तिच्यावर विंडोज नव्याने टाकलं. हा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, म्हणून या दुरुस्तीवर खर्च करायला मी हो म्हटलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना असेल तर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा.

बोर्डावरचे बाकीचे

मदरबोर्ड या सगळ्यांना जोडतो. प्रोसेसरभोवती छोटे राखाडी चौकोनी ठोकळे दिसतात, ते वीज उतरवणाऱ्या साखळीचा भाग आहेत. चार्जरकडून साडेएकोणीस व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला एक व्होल्टच्या आसपास लागतो. मधलं सगळं काम तिथे होतं. पंखा कधी फिरवायचा, चार्जिंग कधी थांबवायचं, कीबोर्डची कोणती कळ दाबली, हे पाहणारी एक वेगळी छोटी चिप असते. काही बोर्डांवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. दर वेळी तारीख चुकत असेल तर तो संपलाय. वायफायच्या छोट्या कार्डाला दोन बारीक वायरी जोडलेल्या असतात. त्यांची दुसरी टोकं, म्हणजे अँटेना, स्क्रीनच्या चौकटीत असतात. उघडताना त्यातली एक निसटली तर वायफायचा सिग्नल कमजोर होऊ शकतो.

बॅटरी

या लॅपटॉपच्या बॅटरीवर ११.४ व्होल्ट आणि ३.६ अँपिअर-तास असं छापलंय. दोन्हींचा गुणाकार ४१ वॅट-तास, आणि खरी क्षमता हीच. साधं ब्राउझिंग करताना लॅपटॉप १० वॅट खात असेल तर ४१ वॅट-तासांत चार तास निघतील. जड कामात ३० वॅट खात असेल तर सव्वा ते दीड तास. "बॅटरी किती तास चालते" याला एकच उत्तर नसतं ते यामुळेच. आत ३.८ व्होल्टचे तीन सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि त्यांच्यावर तापमान नि व्होल्टेज पाहणारी पट्टी असते.

बॅटरी किती उरली ते विंडोजच सांगतं. सुरुवातीच्या मेनूत cmd शोधून उघडा आणि हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

अहवाल कुठे साठवला तो पत्ता स्क्रीनवर येतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे मिळतील. भाचीच्या अहवालात पहिला ४१,०४० आणि दुसरा २२,९८० होता. भागाकार केला तर ५६ टक्के उरलेत. चार तासांच्या जागी सव्वादोन तास, आणि जड कामात पाऊण तास.

बॅटरीला सगळ्यात जास्त म्हातारं करतात दोन गोष्टी: उष्णता, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन् तास राहणं. मे महिन्यात गरम खोलीत दिवसभर चार्जर लावून ठेवला तर दोन्ही एकत्र घडतात. बऱ्याच कंपन्यांच्या सेटिंगमध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. टेबलावरच काम करत असाल तर ती चालू करा. दुपारी मधेच चार्जिंग थांबलं तर लगेच चार्जर खराब समजू नका. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, म्हणून ती आतली पट्टीच चार्जिंग रोखते. संध्याकाळी पुन्हा सुरू झालं तर कारण तेच. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतासमोर मात्र ठेवू नका, हवेबरोबर पाण्याचे थेंबही आत जातात.

टचपॅड वर आलंय, दाबलं जात नाही, किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, तर बॅटरी फुगली असेल. तिला दाबू नका, टोचू नका, आणि पेचकसाने उचकटून काढू नका; टोचलेला सेल पेट घेतो. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

५६ टक्क्यांची बॅटरी आम्ही सध्या बदलली नाही, कारण भाची बहुतेक वेळ चार्जरजवळ असते. बदलाल तेव्हा जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट तंतोतंत जुळवा. नवी लावल्यावर वरचाच अहवाल पुन्हा काढा. FULL CHARGE CAPACITY छापलेल्या आकड्यापेक्षा पहिल्याच दिवशी बरीच कमी दिसली, तर बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकानात परत जा.